कापून टाकलेला शेवट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी या पंचक्रोशीतल्या दोन पिढ्यांना वाचायला शिकवले. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एक मजकूरच निवडला आहे. तो तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. 'सावधान! आपल्या भागात मुले पळवणारी टोळी आली आहे. साधूच्या, भिकाऱ्याच्या, कपडे विकणाऱ्या बायकांच्या वेशात फिरत आहेत. मुलांना एकटे सोडू नका. हा मेसेज सगळ्या ग्रुपवर पाठवा.' खाली एक धूसर चित्रफीत. तीत कुणीतरी मूल उचलताना दिसते, पण चेहरा दिसत नाही, रस्ता ओळखू येत नाही, आवाज एक तर नसतो किंवा भलत्याच कुणाचा तरी असतो.

अशा चित्रफितींपैकी एकीचा पूर्ण प्रवास आपल्याला माहीत आहे. 2018 साली भारतभर फिरलेली ही चित्रफीत बऱ्याच जणांनी पाहिली असेल. एका गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात. जरा पुढे जाऊन वळतात, मागे बसलेला एका लहान मुलाला उचलतो आणि गाडी निघून जाते. बाकीची मुले मागे धावतात. वरून, भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून पाहावे तसे हे सगळे दिसते. चित्रफीत तिथेच संपते.

मूळ चित्रफीत मात्र तिथे संपत नाही. ती पाकिस्तानातल्या कराची शहरात तयार झाली होती. बेपत्ता मुलांसाठी काम करणाऱ्या 'रोशनी हेल्पलाइन' या संस्थेची ती जनजागृतीची जाहिरात. मूळ फितीत ते दोघे मोटारसायकलवाले लगेच परत येतात, मुलाला सुखरूप खाली उतरवतात आणि कॅमेऱ्यासमोर एक फलक धरतात. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा मजकूर त्या फलकावर आहे. पालकांनी सावध राहावे म्हणून केलेला तो अभिनय होता. मूल ठरवून उचलले होते आणि ठरल्याप्रमाणे परत आणले होते.

कुणीतरी शेवटची काही सेकंदे कापून टाकली. संस्थेचे नाव, शहराचे नाव, परत आलेले मूल, हे सगळे त्या सेकंदांत होते. उरलेला तुकडा भारतात कानडीत, तेलुगूत, हिंदीत, मराठीत वेगवेगळी वाक्ये चिकटवून फिरला. प्रत्येक ठिकाणी ती गल्ली तिथलीच झाली. बेंगळुरूत बेंगळुरूची, हैदराबादेत हैदराबादची.

आता धूसरपणाकडे येऊ, कारण पाहणाऱ्याची नेमकी फसगत तिथे होते. पुष्कळांना वाटते की चित्र अस्पष्ट आहे म्हणजे ते घाईत, लपून, खऱ्या प्रसंगी घेतलेले असणार. स्वच्छ चित्र म्हणजे सिनेमा आणि धूसर चित्र म्हणजे पुरावा, अशी एक समजूत आपल्या डोळ्यांत बसली आहे. प्रत्यक्षात धूसरपणा कसा येतो ते पाहा. व्हॉट्सॲपवर आलेली चित्रफीत तशीच पुढे ढकलली तर ती फारशी बिघडत नाही. ती बिघडते कुणी एका फोनच्या पडद्यावर चालू असलेली फीत दुसऱ्या फोनने टिपली की, कडा कापून वाहिनीचे किंवा संस्थेचे चिन्ह काढून टाकले की, एका ॲपवरून उतरवून दुसऱ्यावर चढवली की. अशा प्रत्येक खेपेला फाइल पुन्हा आवळली जाते आणि बारीक तपशील जातात. सगळ्यात आधी जातात ती बारीक अक्षरे: गाडीच्या नंबरप्लेटवरची, दुकानाच्या पाटीवरची, कोपऱ्यातल्या तारखेची. म्हणजे ज्या खुणांवरून जागा, काळ आणि लिपी कळली असती, त्याच नेमक्या पुसल्या जातात. तेव्हा फीत धूसर दिसली तर एवढेच समजावे की ती अनेकांच्या हातांतून गेली आहे आणि त्यातल्या काहींनी तिच्यातून काहीतरी काढले आहे.

आणखी एक गोष्ट याच जातीची. त्या काळात मालेगाव परिसरात रांगेने ठेवलेल्या मुलांच्या मृतदेहांची दृश्ये फिरली. सोबतचा मजकूर असा की पळवलेल्या मुलांचे अवयव काढून त्यांना मारून टाकले आहे. ती मुले सीरियातली होती. 2013 साली तिथे झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात ती गेली. एका देशातल्या आईबापांचे दुःख दुसऱ्या देशातल्या आईबापांना घाबरवण्यासाठी वापरले गेले, याहून निर्दय काम मला सुचत नाही.

अवयवांच्या गोष्टीला मी दोन मिनिटे देतो, कारण शिकलेली माणसेही ती सहज खरी मानतात. मूत्रपिंड काढून दुसऱ्याला बसवायचे तर रक्तगट जुळावा लागतो, ऊतींची चाचणी जुळावी लागते, घेणारा रुग्ण आधीच तपासून तयार असावा लागतो. शस्त्रक्रियागृह लागते, भूलतज्ज्ञ लागतो, शल्यविशारदांचा चमू लागतो. काढलेला अवयव बर्फात ठेवला तरी फार तर दीड दिवस टिकतो. रस्त्यावरून उचललेल्या अनोळखी मुलाचे मूत्रपिंड झोळीतून नेऊन विकता येत नाही. आपल्या देशात मूत्रपिंडांचे काळे व्यवहार झाले आहेत, हे खरे. पण उघडकीस आले ते रुग्णालयांच्या आत. गरीब, कर्जात बुडालेली मोठी माणसे आणि त्यांना रुग्णाचे नातेवाईक ठरवणारी खोटी कागदपत्रे, हे त्याचे नेहमीचे रूप. त्या गुन्ह्याचा माग कागदांतून काढावा लागतो. आठवडे बाजारात कुणाची झोळी उलटी करून तो सापडत नाही.

आता रैनपाड्याकडे येतो.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले हे आदिवासी गाव. 1 जुलै 2018, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. खानदेश-नाशिक पट्ट्यात कित्येक दिवस मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. त्या दिवशी पाच माणसे एसटीतून गावात उतरली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. डौर वाजवत, भैरवनाथाची गाणी म्हणत, घरोघर भिक्षा मागत फिरणे हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. घरचे शेत नाही किंवा असले तरी पिकत नाही, म्हणून वर्षातले कित्येक महिने पाले ठोकून परमुलखात काढायचे. बाजारात त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले. लोक जमले आणि मार सुरू झाला. त्यांना ओढत ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेले, खोलीत कोंडले आणि तिथे पाचही जणांना मारून टाकले. मोजके पोलीस पोहोचले, तर त्यांनाही मार बसला.

ग्रामपंचायतीच्या कचेरीत. या जागेपाशी मला नेहमी थांबावेसे वाटते. अनोळखी माणूस गावात आला तर त्याची चौकशी जिथे व्हावी, त्याचे नाव-गाव जिथे लिहून घ्यावे, फोन करून खात्री जिथे करावी, ती ही जागा. दार होते, खोली होती, माणसे आत होती. दार बाहेरून लावून पोलिसांची वाट पाहिली असती तर त्याच खोलीने पाच जीव वाचवले असते.

त्या पाच जणांनी कुणाचे मूल पळवले नव्हते. त्या दिवशी गावातले एकही मूल हरवलेले नव्हते. पुढे पोलिसांनी आरोपी शोधले ते काही अंशी फोनवर टिपलेल्या चित्रफितींवरून, कारण मारहाण चालू असताना लोक ती टिपत होते आणि पुढे पाठवत होते. त्या मोसमात या भागातल्या फोनवरून फिरलेल्या चित्रफितींत घटना आणि गाव दोन्ही खरे असलेली फीत होती ती या हत्येची.

त्याच रात्री मालेगावात दुसरा प्रसंग घडला. लहान मूल बरोबर असलेल्या पाच जणांना जमावाने घेरले. मूल बरोबर आहे म्हणजे ते पळवलेलेच, असा तर्क. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि दार लावले. पोलीस आले, त्यांच्या गाडीची नासधूस झाली, पण पाचही जण जिवंत बाहेर पडले. रैनपाडा आणि मालेगाव यांच्यात अफवेचा फरक नव्हता. जमावही दोन्हीकडे होता. फरक होता तो दार कुणी आणि कशासाठी लावले याचा.

या मेसेजला बळी कोण पडते, तेही पाहिले पाहिजे. दुसऱ्याच्या गावात शिरल्याशिवाय ज्यांचे पोट भरत नाही, त्यांच्यावरच तो कोसळतो. गोसावी, बहुरूपी, जडीबुटी विकणारे, भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बायका, यात्रेकरू साधू. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. त्यांना हजेरी लावावी लागे, परवानगीशिवाय हलता येत नसे. 1952 साली तो कायदा गेला. पण 'साधूच्या वेशात', 'भिकाऱ्याच्या वेशात' हे मेसेजातले शब्द तोच संशय नव्याने चालवतात. वेशात म्हटले की खरा साधूही सुटत नाही, कारण तो जितका खरा दिसेल तितका वेश पक्का असे वाटू लागते. 13 सप्टेंबर 2022 ला सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात हेच झाले. उत्तर प्रदेशातून आलेले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. त्यांनी एका मुलाला वाट विचारली. भाषा वेगळी, वेश वेगळा आणि समोर मूल. लोकांनी त्यांना गाडीतून उतरवून काठ्या-पट्ट्यांनी मारले. पोलिसांनी त्यांची ओळख पटवली आणि ते वाचले. 16 एप्रिल 2020 ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे मात्र दोन साधू आणि त्यांचा चालक वाचले नाहीत. तिथेही चोरांची, मुले पळवणाऱ्यांची अफवा आधी पोहोचलेली होती.

मला विचारले जाते, मग मुले पळवलीच जात नाहीत का? जातात. महाराष्ट्राला तर हे सांगायलाही नको. कोल्हापूरचे गावित प्रकरण या हॉलमधल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल. 1990 ते 1996 या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी मुले पळवली, पाकीटमारीत त्यांचा ढालीसारखा वापर केला आणि काहींचा जीव घेतला. या मेसेजवर आपला चटकन विश्वास बसतो त्यामागे त्या भीतीचाही वाटा आहे असे मला वाटते. पण ती टोळी कशी सापडली ते आठवा. त्या बायकांना नात्याने ओळखणाऱ्या एका आईला संशय आला आणि तिने नावे घेऊन पोलिसांत तक्रार केली. तपास झाला, न्यायालयात पुरावा उभा राहिला. बाजारात कुणी त्यांना वेशावरून ओळखले नाही, कारण त्यांच्या वेशात ओळखण्याजोगे काहीच नव्हते. चारचौघींसारख्या तीन बायका, कडेवर मूल.

वर्तमानपत्रांत अपहरणाचे आकडे येतात, ते दाखवून कुणी म्हणेल की मेसेज खराच आहे. त्या आकड्यांमागे एक निकाल आहे. 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अल्पवयीन मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली तर प्रथमदर्शनी ते अपहरण किंवा तस्करी समजून गुन्हा नोंदवावा. हे अत्यंत योग्य झाले. पूर्वी 'येईल घरी' म्हणून पालकांना परत पाठवले जाई, ते थांबले. पण त्यामुळे आता घरी भांडून निघून गेलेला पंधरा वर्षांचा मुलगा, प्रेमात पडून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, परीक्षेच्या भीतीने रेल्वेत बसलेले पोर, या सगळ्यांची नोंद अपहरणाच्या कलमाखाली होते. पोलीस ठाण्यातल्या नोंदवहीतले शंभर 'अपहरण' म्हणजे झोळीत घालून नेलेली शंभर बाळे नव्हेत. ज्या मुलांची खरोखर तस्करी होते, त्यांना नेणारा बहुधा कामाचे, लग्नाचे, शिक्षणाचे आमिष दाखवणारा ओळखीचा माणूस असतो. आपण अनोळखी गोसाव्याकडे डोळे लावून बसतो तेव्हा तो ओळखीचा माणूस आपल्याच ओट्यावर चहा पीत असतो.

उपायांचीही मर्यादा पाहिली पाहिजे. जुलै 2018 मध्ये, या हत्यांनंतर, व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली. 2020 मध्ये अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. अशा संदेशावर दुहेरी बाण दिसतो. तो दिसला की समजावे, पाठवणाऱ्याला स्वतःला यातले काही ठाऊक नाही. पण कुणी तोच मजकूर नक्कल करून नव्याने चिकटवला किंवा फीत फोनमध्ये उतरवून पुन्हा चढवली, तर बाण नाहीसा होतो आणि तो निरोप थेट तुमच्या मामाने लिहिल्यासारखा दिसतो.

सरकारी दवंडीही नेहमी पुरत नाही. त्रिपुरात 28 जून 2018 ला, म्हणजे रैनपाड्याच्या तीन दिवस आधी, अफवांवर विश्वास ठेवू नका असे ध्वनिवर्धकावरून सांगत फिरण्यासाठी सरकारने नेमलेल्या माणसालाच जमावाने मारले. तोही त्या गावाला अनोळखीच होता. अफवा मोडायची तर आवाज गावातला हवा, हे त्यातून कळते. पोलीस पाटील, अंगणवाडीताई, शाळेचे मास्तर, बाजारातला जुना दुकानदार. हे चौघे एका सुरात 'आपल्या शाळेतले एकही मूल हरवलेले नाही, मी आज हजेरी घेतली आहे' असे म्हणाले, तर त्या वाक्याला कुठलीही धूसर फीत उत्तर देऊ शकत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. सामान्य नागरिकाला दुसऱ्याला धरून ठेवायचा अधिकार आहे, पण त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला असेल किंवा तो घोषित गुन्हेगार असेल तरच. धरल्यावर विनाविलंब आणि उशिरात उशिरा सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावे लागते. मुलाशी बोलणे, खाऊ देणे, वाट विचारणे हा गुन्हा नाही. रैनपाड्याच्या घटनेनंतर सोळा दिवसांनी, 17 जुलै 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीविरुद्ध सविस्तर आदेश दिले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, जन्मस्थान, भाषा यांसारख्या कारणांवरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप अशी वेगळी तरतूद आली आहे. यात प्रत्येक हा शब्द महत्त्वाचा आहे. मी एकच चापट मारली, मी नुसता दार धरून उभा होतो, हे म्हणून सुटका होत नाही.

हा मेसेज पुन्हा येईल. शाळा सुरू होताना येईल, जत्रेच्या दिवसांत येईल, भटके लोक पाले घेऊन माळावर उतरतील तेव्हा येईल. तो आला की फीत थांबवा, चित्राचा एक तुकडा टिपून इंटरनेटवर चित्रशोध करा. मूळ फीत पुष्कळदा काही मिनिटांत सापडते. ते जमत नसेल तर पाठवणाऱ्याला फोन लावून तीनच प्रश्न विचारा: कोणत्या गावचे मूल, कोणत्या तारखेला, कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद? उत्तर मिळाले नाही तर त्याच ग्रुपवर, त्याच मेसेजच्या खाली तसे लिहा. गप्प बसून मेसेज नुसता पुसू नका, कारण तुमच्या मौनाला बाकीचे संमती समजतात.

आणि इथे बसलेल्या सरपंचांना, ग्रामसेवकांना, पोलीस पाटलांना माझी हात जोडून विनंती आहे. गावाबाहेर पाल उतरले की त्याच दिवशी तिथे जा, माणसांची नावे-गावे लिहून घ्या, आणि बाजाराच्या दिवशी ही माणसे कोण आहेत ते ध्वनिवर्धकावरून गावाला सांगा. कुणी कुणाला घेरलेले दिसले तर 112 वर फोन करा, एकटे फिरणारे मूल दिसले तर 1098 वर. पोलीस येईपर्यंत ग्रामपंचायतीचे दार आतून लावून घ्या, आणि त्या अनोळखी माणसांबरोबर तुम्ही स्वतः आत बसा.